आधी खिंड, मग बोट

माझा नवरा तळलेल्या अंड्याचं पांढरं आधी खातो. कडेकडेने, शिस्तीत, कुंपण तोडावं तसं. पिवळा बलक तेवढा शेवटच्या घासासाठी राखून ठेवतो. इतक्या वर्षांच्या संसारात त्या बलकाचं काय काय झालेलं मी पाहिलंय. कधी फोन आला आणि तो गार झाला, कधी पाहुणे आले आणि ताटली उचलली गेली, एकदा तर घसरून थेट त्याच्या खिशात गेला. पण सवय काही सुटली नाही. चांगलं ते शेवटी, हा त्याचा बाणा. नवा शर्ट तो पहिल्यांदा अंगात घालतो, तोवर तसले शर्ट दुकानात मिळायचे बंद झालेले असतात.

मी बलक आधी फोडते. घासाला लावून, मिटक्या मारत. त्याला ते बघवत नाही.

याचं कारण आमच्या धंद्यांत आहे, असं माझं मत. तो शीतगृहाचा व्यवस्थापक आहे. फळं, बटाटे, कांदे यांनी भरलेल्या गारठलेल्या खोल्यांत भर उन्हाळ्यात जाड जाकीट घालून फिरतो आणि सांगतो, नीट ठेवलं तर काही बिघडत नाही. मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर माझ्यासमोर लोकांचे गुडघे येतात. आणि गुडघे कितीही नीट ठेवले तरी बिघडतात.

आमच्या स्वयंपाकघरात खिडकीपासून कपाटापर्यंत एक दोरी बांधलेली आहे. तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी सहा चित्रं लावलीत, जुन्या कॅलेंडरांतून आणि माझ्या नणंदेच्या प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकांतून कापलेली. आयुष्यात करायच्याच अशा आमच्या सहा सहली. खिडकीजवळची पहिली, कपाटाजवळची शेवटची. लावताना मी एक नियम घालून दिला होता. आधी पायांच्या सहली, मग डोळ्यांच्या, शेवटी बुडाच्या.

नियम ऐकून त्याने नाक मुरडलं होतं, पण त्यात खोट काढता आली नव्हती. पायांच्या म्हणजे उंच डोंगरातली ती खिंड, जिथे जायला कित्येक दिवस चालावं लागतं, आणि तो ज्वालामुखी, ज्याचं टोक भल्या पहाटे चढून गाठायचं. डोळ्यांच्या म्हणजे संग्रहालयांचं शहर आणि आकाशात हिरवे पडदे हलतात तो उत्तरेकडचा देश. बुडाच्या म्हणजे लांब पल्ल्याची आगगाडी आणि नदीवरची बोट. बसायचं, खायचं, किनारा आपणहून सरकत जातो.

खिंडीचं चित्र सगळ्यात जुनं. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्याने ते मला दिलं होतं. दोन सुळक्यांच्या मधे एक चिंचोळी पांढरी वाट, आणि तिच्यावर दोन ठिपके. "हे आपण," तो म्हणाला होता. मी त्याच क्षणी विरघळले होते. पुढे मुलगी झाली, घर झालं, सासूबाईंचं आजारपण झालं, मुलगी शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागली. ठिपके मात्र होते तिथेच उभे.

आता लढाईचं सांगते. मी खिंड पहिल्या चिमट्याला लावायची. सकाळी आंघोळ करून आले की खिंड शेवटी, कपाटाशी, आणि पहिल्या जागी नदीवरची बोट. मी काही न बोलता बदलायची. तोही काही न बोलता बदलायचा. महिनोन्‌महिने असं चाललं. चित्राचे कोपरे झिजले, एक चिमटा तुटला, पण तोंडाने कुणी चकार शब्द काढला नाही. बाहेरून कुणाला वाटलं असतं, किती समजूतदार जोडपं!

माझ्या दवाखान्यात एक काका येतात. आम्ही त्यांना बूटवाले काका म्हणतो. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी डोंगरात चालायचे भारी बूट घेतले, आणि पुढच्याच वर्षी गुडघा बदलायची पाळी आली. बूट फुकट जायला नकोत म्हणून ते ते बूट घालून माझ्या व्यायामाच्या सायकलवर बसतात. समोर भिंत. पायडल मारत भिंतीकडे असं बघतात की जणू पलीकडे दरीच आहे.

"बोटीवर जाऊन आलो ताई," ते परवा म्हणाले. "झकास. बोटीत लिफ्ट आहे. पत्ते खेळायला माणसं आहेत. एका नव्वदीच्या आजींनी मला रोज हरवलं. बोट काय, माझ्यासाठी थांबली होती. डोंगर नाही थांबला."

"डोंगर तिथेच आहे काका."

"डोंगर आहे हो. मी नाही तिथे."

एवढं बोलून ते पुन्हा भिंत चढायला लागले. मी हसले, पण दुपारचा डबा तसाच घरी परत नेला. घरी असलाच एक माणूस आहे, हे मला माहीत होतं. माळ्यावरच्या एका खोक्यात त्याचेही बूट होते. खिंडीसाठी म्हणून घेतलेले, कागदात गुंडाळलेले, आजवर जमिनीला न लागलेले.

त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला. ती त्या प्रवासी कंपनीत गिऱ्हाइकांच्या सहली ठरवते. बोलते इतकं भराभर की गिऱ्हाईक होच म्हणून टाकतं.

"वहिनी, खिंडीच्या तुकडीत दोन जागा रिकाम्या झाल्यात. बर्फ वितळला की काही आठवडेच वाट उघडी असते, तेव्हा यंदाचं यंदाच. रविवारपर्यंत मी जागा धरून ठेवते. दादाला म्हणावं, रिटायर झाल्यावर जायचं असेल तर साठीनंतरच्या लोकांना आमच्याकडे जास्तीच्या तपासण्या लागतात. विमा पण महाग पडतो. आणि म्होरक्या एकेकाला बघून नाही म्हणतो ते वेगळंच."

"आणि बोट?"

"बोटीला काय वहिनी? ऐंशीच्या माणसालासुद्धा चढवतो. हात धरून."

रात्रीच्या जेवणाला सूप आणि भाजलेले बटाटे होते. मी विषय काढला. तो बटाट्याची कुरकुरीत साल बाजूला काढून ठेवत होता. शेवटी खायला, हे सांगायला नको.

"यंदा बोट करू," तो म्हणाला. "खिंड रिटायर झाल्यावर. निवांत."

"निवांत कशाला? तिथे आरामखुर्च्या टाकल्यात का? रिटायर होशील तेव्हा पाय तुझ्या आधी रिटायर झालेले असतील."

"माझ्या पायांना काय झालंय? दिवसभर गोदामात चालतो मी."

"बरं, तुझ्याच गोदामाचं बोलू. तुमच्याकडे कुठला माल आधी बाहेर काढतात?"

तो सावध झाला. धंद्याचं विचारलं की त्याला खोटं बोलता येत नाही. "जो आधी खराब होणार तो."

"स्ट्रॉबेरी ठेवून बटाटे आधी पाठवलेस कधी?"

"नोकरी जाईल."

"मग खिंड ही स्ट्रॉबेरी आहे आणि बोट म्हणजे बटाटा. कळलं?"

त्याने चमचा खाली ठेवला. "खराब खिंड होत नाही, पाय होतात. आणि माझे पाय म्हणजे बटाटे आहेत. अंधारात, गारव्यात ठेवलेले, वर्षभर टिकणारे. पाहिजे तर तपासून बघ."

मला राग यायचा तो आलाच. म्हटलं, तुझ्यासारखे बटाटे रोज माझ्या टेबलावर मोड फुटून पडलेले असतात. म्हटलं, सरळ सांग, तुला जायचंच नाहीये. म्हटलं, ते ठिपके दाखवून मला फसवलंस. ते शेवटचं म्हणायला नको होतं. त्याचा चेहरा पडला.

"जायचं नाही कसं?" तो हळू आवाजात म्हणाला. "तेवढी एकच तर गोष्ट आहे. गोदामात एखादा दिवस फार वाईट गेला की मी म्हणतो, असू दे, खिंड अजून बाकी आहे. जाऊन आलो की मग काय उरलं?"

त्याने बाजूला ठेवलेली साल एव्हाना मऊ पडली होती. ती त्याने तशीच खाल्ली. मला त्याची दया आली आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं, दोन्ही एकदमच.

शेवटी ठरलं असं. रविवारी माझ्या दवाखान्यात त्याच्या पायांची परीक्षा घ्यायची. पाय डगमगले तर जायचं यंदाच, कारण पुढच्या वर्षी ते आणखी डगमगतील. पाय भक्कम निघाले तर मी दोरीला पुन्हा हात लावायचा नाही, खिंड शेवटी ठेवायची. नणंद साक्षीदार.

रविवारी दवाखान्यात शुकशुकाट. नणंद आली ती थेट बूटवाल्या काकांच्या सायकलवर बसून पाय हलवायला लागली. मी लिफ्टने वर आले होते. हल्ली मी लिफ्टनेच येते, हातात पिशव्या असतात म्हणून. आणि जिना उतरते ती कठड्याला धरून, जरा तिरकी, कारण मला कायम घाई असते. नवरा जिन्याने आला, बगलेत खोकं घेऊन.

"परीक्षा आहे तर गणवेशात देतो," म्हणत त्याने खोकं उघडलं. कागदातून बूट निघाले. काय ते बूट! कातडं चकचकीत, नाड्यांना अजून दुकानाचा कडकपणा. त्याने ते पायांत चढवले, उभा राहिला, आणि आमच्यासमोर ऐटीत खोलीची एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीला डाव्या बुटाने चपळ्‌ असा आवाज केला. तो वळला. बुटाचा तळ मात्र वळला नाही. तो मागे लादीवरच राहिला, आणि त्याच्या आजूबाजूला केकचा चुरा पडावा तसा काळा चुरा.

"हे काय?" नवरा म्हणाला आणि त्याने दुसरं पाऊल टाकलं. उजव्याचंही तेच झालं.

नणंद सायकलवरून पडायची बाकी होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, आमच्याकडे दर तुकडीत एक तरी असा असतो! या बुटांच्या तळात मऊ थर असतो ना, तो नुसता ठेवूनही हवेतल्या दमटपणाने कुजतो. बूट वापरला नाही म्हणून काही तो टिकत नाही. पहिल्याच चढावर तळ हातात येतो."

नवरा गुडघ्यांवर बसून तो चुरा बोटांनी चिमटीत घेऊन बघत होता. आयुष्यभर माल नीट ठेवलेला माणूस. "एकदाही घातले नव्हते गं," तो म्हणाला. मला हसू येत होतं, पण त्याच्याकडे बघून ते मी गिळलं.

"चल, मोज्यांवर दे परीक्षा," मी म्हणाले.

परीक्षा साधी असते. हातभर रुंद, बुटक्या लाकडी पायरीवर एका पायावर उभं राहायचं. दुसरा पाय पुढे अधांतरी. उभ्या पायाचा गुडघा सावकाश वाकवत पुढची टाच जमिनीला टेकवायची आणि पुन्हा वर यायचं. कशाला धरायचं नाही. डोंगर चढताना दम लागतो, पण गुडघ्याचं खरं काय ते उतरताना कळतं. उतारावर प्रत्येक पावलाला अख्ख्या अंगाचा भार त्या एका वाकलेल्या गुडघ्याला तोलून धरावा लागतो. जो गुडघा आत वळतो, थरथरतो, तो बोलायला लागलेला असतो.

नवरा उभा राहिला आणि खाली गेला. वर आला, पुन्हा गेला. आधी डावा, मग उजवा. इतका भक्कम, की मी वाकून दोन्ही बाजूंनी बघितलं. खोट नाही. थंड गोदामात, पेट्यांच्या थप्प्यांवरून चढत उतरत, या माणसाने खरंच बटाट्याचे पाय कमावले होते.

"मी सांगितलं नव्हतं?" तो वर-खाली होत म्हणाला. "खिंड शेवटी. मी हिरवे पडदे पण आधी बघून घेईन."

सगळं माझ्याच अटीने हातातून चाललं होतं. "भराभर करतोयस," मी चिडून म्हणाले. "याला काही अर्थ नाही. सावकाश करायचं असतं. सरक, दाखवते."

मी पायरीवर चढले. हे मी दिवसातून कितीदा तरी पेशंटना दाखवते. पण दाखवते ती नेहमी डाव्या पायावर, हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवशी घाईत उजवा पाय पायरीवर पडला. मी खाली जायला लागले. अर्ध्यावर गुडघा असा थरथरला की जणू तो माझा नव्हताच. आत वळला. वाटीच्या मागे रेती रगडावी तसा आवाज आला, तो त्या रिकाम्या खोलीत तिघांनीही ऐकला. मी बाजूची दांडी धरली.

सायकल थांबली.

"पाय घसरला," मी म्हणाले.

मी पुन्हा प्रयत्न केला. कारण माझा स्वभावच मुळी तसा आहे. पुन्हा तेच. मग मात्र सगळं एका क्षणात माझ्यासमोर आलं. लिफ्ट, पिशव्या, कठडा, तिरकं उतरणं, दिवसभर पेशंटच्या टेबलाशी उभं राहण्यावर ढकललेला तो संध्याकाळचा ठणका. दुसऱ्या कुणी येऊन हे सांगितलं असतं तर वाक्य पुरं व्हायच्या आत मी निदान केलं असतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

नवरा माझ्यासमोर लादीवर बसला. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वाकव." मी वाकवला. तळहाताखाली त्याला ती रेती लागली असणार. आंबे किंवा सफरचंदं तपासताना तो जसा गप्प होतो, तसा झाला.

"सगळ्यांच्या पेट्या तपासल्यास," तो म्हणाला. "स्वतःची उघडलीच नाहीस."

"तू जिंकलास," मी म्हणाले. माझा आवाज नको तितका बारीक निघाला. "तुझे पाय बटाटेच आहेत. खिंड शेवटी ठेव. तू जा रिटायर झाल्यावर, निवांत."

"चूप बस." एवढ्या वर्षांत तो मला पहिल्यांदा असं बोलला. "मी शेवटी ठेवली होती ती आपल्या दोघांसाठी. एकटा ठिपका घेऊन मी काय करू?" मग बहिणीकडे वळला. "जागा लाव आमच्या नावाने. आत्ता."

"दादा, तपासण्या..."

"त्या करू. तू जागा लाव."

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि गालातल्या गालात हसले. त्यांच्याकडून पेशंट घेऊन मी त्यांना आजवर पुष्कळ शहाणपण शिकवलेलं होतं. वाटीमागची कूर्चा झिजायला लागली आहे, म्हणाले. सुरुवात आहे. जायला हरकत नाही, पण आधी मांडीत ताकद आणा, उतारावर दोन काठ्या वापरा. "आणि पुढच्या वर्षी जाऊ, त्याच्या पुढच्या वर्षी जाऊ, असं करू नका," त्यांनी आपणहून सांगितलं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो कॅलेंडरकडे बघत होता.

पुढचे महिने माझे हाल कुत्रा खात नव्हता. नवरा माझा फिजिओथेरपिस्ट झाला. सकाळी मला पायरीवर उभं करायचा आणि माझीच वाक्यं मला ऐकवायचा. "गुडघा आत नको. सावकाश. दुखतंय की नुसता कंटाळा आलाय?" हे मी इतक्या वर्षांत कितीजणांना विचारलंय, आणि एकानेही मला काठी कशी मारली नाही याचं मला नवल वाटतं. बूटवाल्या काकांना बातमी कळली तेव्हा त्यांनी आपली सायकल मला देऊ केली. मी भिंतीकडे बघत पायडल मारायची आणि ते बाजूला खुर्चीवर बसून "चढ आला, चढ आला" म्हणायचे. नवऱ्याने नवे बूट घेतले आणि त्याच दिवसापासून घालून गोदामात जायला लागला. आठवडाभरात त्यांच्यावर ओरखडे पडले. त्याला ते बघून अपार दुःख झालं, पण त्याने ते सोसलं.

आणि आम्ही गेलो.

चालणं हळूहळू, उंचीची सवय होईल तसं. सामान खेचरांवर, आमच्याकडे पाणी, काठ्या आणि जेवणाची पुडकी. तुकडीत सगळ्यात मागे मी, आणि माझ्यामागे तो, कितीही पुढे जा म्हटलं तरी. शेवटच्या चढाला वारा असा होता की बोलायची सोय नव्हती. माझ्या दृष्टीने तीच काय ती शिक्षा. मग चढ संपला. दोन सुळके होते आणि मधे ती पांढरी वाट. आम्ही तिच्यावर उभे होतो. कुणी लांबून फोटो काढला असता तर आम्ही ठिपकेच दिसलो असतो.

मी रडले. तोही रडला, पण वाऱ्यामुळे म्हणाला.

आडोशाला बसून आम्ही पुडकी उघडली. पाव आणि उकडलेलं अंडं. तो अंडं सोलत होता, आणि मला त्या रात्रीच्या जेवणाची आठवण झाली. विचारायचं धाडस होत नव्हतं, तरी विचारलं, "आता काय उरलं रे?"

त्याने वाटेच्या पलीकडच्या बाजूला बघितलं. उतार खाली जात होता, आणखी खाली, पार ढगांत.

"हे सगळं उतरायचं उरलंय," तो म्हणाला. "तुझ्या गुडघ्यासकट. अंधाराच्या आत पोचलो तरी खूप झालं." आणि त्याने अंडं मोडलं, बलक बाहेर काढला, त्याचे दोन तुकडे केले. एक माझ्या हातावर ठेवला, दुसरा सरळ तोंडात टाकला.

मी बघतच राहिले. "आणि पांढरं?"

"ते मग," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "बोटीत बसून खाऊ."